फवारणीच्या विषावर अ‍ॅट्रोपिन कशासाठी आणि पॅम कशासाठी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खरीप सुरू झाला की ग्रामीण भागातल्या वॉर्डांत ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाच्या विषबाधेचे रुग्ण येऊ लागतात. काहींना फवारताना बाधा झालेली असते, काहींनी विष पोटात घेतलेलं असतं. नातेवाईक, नव्याने रुजू झालेले डॉक्टर आणि सिस्टर मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. डोस समजावेत म्हणून दिले आहेत. ते घरी वापरण्यासाठी नाहीत.

हे विष शरीरात नेमकं काय बिघडवतं?

शेतातल्या मोटरीच्या स्टार्टरचं उदाहरण घेऊ. हिरवं बटण दाबलं की मोटर चालू होते आणि लाल दाबलं की बंद होते. आपल्या नसांच्या टोकांशी हिरव्या बटणाचं काम अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन करतं. ते सुटलं की लाळ सुटते, आतडं हलतं, स्नायू आखडतो. काम झालं की कोलिनएस्टरेज हे एन्झाइम त्या रसायनाचे क्षणार्धात तुकडे करतं. हे झालं लाल बटण.

क्विनॉलफॉस, क्लोरपायरिफॉस, मोनोक्रोटोफॉस, डायमिथोएट ही सगळी औषधं या एन्झाइमच्या कामाच्या जागी जाऊन चिकटतात. लाल बटण जाम होतं, मोटर चालूच राहते आणि पाणी सगळ्या पाटांना एकदम सुटतं. रुग्णाच्या अंगावर जे जे दिसतं, ते या सुटलेल्या पाण्याचं रूप असतं.

बाधा झालेला माणूस कसा दिसतो?

एकदा पाहिल्यावर हे चित्र विसरता येत नाही. सदरा पिळून निघेल इतका घाम असतो. तोंडातून फेसाळ लाळ, डोळ्यांना पाणी, उलट्या, पोटात कळा, कपड्यांतच लघवी आणि जुलाब. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात. नाडी मंदावते. छातीला स्टेथोस्कोप लावला की दोन्ही बाजूंनी बुडबुड्यांसारखी खरखर ऐकू येते. ग्रंथी आणि हृदय यांच्याकडे जाणारा हा पहिला पाट. त्याच्या टोकाला मस्कारिनिक रिसेप्टर असतात.

दुसरा पाट हातापायांच्या आणि श्वासाच्या स्नायूंकडे जातो. तिथे निकोटिनिक रिसेप्टर असतात. दिवसाच्या उजेडात पोटरीकडे किंवा पापणीकडे नीट पाहा. कातडीखाली अळ्या वळवळाव्यात तसे स्नायू फडफडत असतात. आधी फडफड होते, मग स्नायू थकतात आणि शेवटी लुळे पडतात. तिसरा पाट मेंदूकडे जातो. त्यातून अस्वस्थपणा, झटके आणि बेशुद्धी येते.

हे पाट एकाच वेळी वाहत असल्याने चित्र कधी उलटसुलटही दिसतं. काहींची नाडी मंद न होता जलद असते आणि बाहुल्या बारीक नसतात. तेवढ्यावरून हे विष नाही असं ठरवू नये. घाम, खरखर आणि फडफड एकत्र दिसली तर माझा संशय पक्का होतो.

माणूस मरतो तो कशाने?

बहुतेक वेळा श्वासाने. फुप्फुसाच्या नळ्यांमधल्या ग्रंथी इतका स्राव सोडतात की माणूस कोरड्या जमिनीवर आतल्या आत बुडतो. त्याच वेळी नळ्या आवळतात, श्वासाचे स्नायू थकतात आणि मेंदूकडून श्वासाला मिळणारा हुकूमही मंदावतो. म्हणून पहिल्या तासात छातीकडे लक्ष असावं लागतं. पुढच्या उत्तरांत छातीचा उल्लेख सारखा येईल, त्याचं कारण हेच.

अ‍ॅट्रोपिन नक्की काय करतं?

अ‍ॅट्रोपिन स्टार्टर दुरुस्त करत नाही. विष काढत नाही, एन्झाइमलाही हात लावत नाही. ते पहिल्या पाटाचं दार धरतं. मस्कारिनिक रिसेप्टरवर स्वतः जाऊन बसतं आणि अ‍ॅसिटिलकोलीनला तिथे जागा देत नाही. त्यामुळे स्राव आटतो, आवळलेल्या नळ्या सैल होतात, नाडी वर येते.

जागेसाठी ही चढाओढ आहे आणि तीत संख्येला महत्त्व आहे. अ‍ॅसिटिलकोलीन जितकं साठलेलं असेल, तितकं जास्त अ‍ॅट्रोपिन लागतं. त्यामुळे एरवी एक-दोन अँप्युलवर भागणारं औषध या विषबाधेत पंचवीस-तीस अँप्युल द्यावं लागतं, आणि त्यात काही वावगं नाही.

दुसऱ्या पाटाचं दार मात्र अ‍ॅट्रोपिनला धरता येत नाही. स्नायूंची फडफड आणि लुळेपणा त्याने थांबत नाही. छाती कोरडी झाली तरी रुग्ण श्वास घ्यायचा थांबू शकतो, ही गोष्ट नातेवाइकांना आधीच सांगून ठेवावी. नाहीतर "सुधारला म्हणाला होतात, मग मशीन का लावली?" हा प्रश्न येतोच, आणि त्यांच्या जागी तो रास्त असतो.

डोस कसा ठरतो? एखादं उदाहरण सांगाल?

अनेक रुग्णांवरून बेतलेलं एक उदाहरण सांगतो. वय 45, वजन 50 किलो, दुसऱ्याच्या रानात मजुरीने फवारणारा माणूस. पाठीवरचा पंप झाकणापाशी गळत होता. क्विनॉलफॉस दुपारभर सदऱ्यात मुरत राहिलं. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या आणि अंधार पडायच्या सुमारास त्याला दवाखान्यात आणलं. नाडी 52, रक्तदाब 90/60, ऑक्सिजन 82 टक्के, बाहुल्या टाचणीएवढ्या, दोन्ही फुप्फुसांत खरखर, पोटऱ्यांवर फडफड.

तोंडातला स्राव ओढून काढला, ऑक्सिजन लावला आणि त्याच मिनिटाला शिरेतून अ‍ॅट्रोपिन सुरू केलं. ऑक्सिजन वर येईपर्यंत अ‍ॅट्रोपिन थांबवावं असं जुन्या पिढीत शिकवलं जाई. तसं थांबू नये, कारण ऑक्सिजन आत जाण्याची वाट जो स्राव अडवतो तो अ‍ॅट्रोपिननेच हटतो.

आपल्याकडच्या नेहमीच्या अँप्युलमध्ये 0.6 मिलिग्रॅम असतं. पहिला डोस 3 अँप्युल, म्हणजे 1.8 मिलिग्रॅम. पाच मिनिटांनी तपासलं तर नाडी 56 आणि खरखर तशीच. मग दुप्पट, 6 अँप्युल. आणखी पाच मिनिटांनी नाडी 66, खरखर अजून सगळीकडे. पुन्हा दुप्पट, 12 अँप्युल. पंधराव्या मिनिटाला नाडी 84 झाली, घाम कमी झाला आणि खरखर फक्त तळाशी उरली. सुधारणा दिसू लागली की दुपटीचा हिशेब सोडायचा. म्हणून या वेळी 6 अँप्युलच दिल्या. विसाव्या मिनिटाला छाती स्वच्छ होती, काखा कोरड्या होत्या आणि वरचा रक्तदाब 110 होता.

एकूण 27 अँप्युल, म्हणजे 16.2 मिलिग्रॅम झालं. या बेरजेच्या 10 ते 20 टक्के औषध दर तासाला सलाईनमधून चालू ठेवायचं असतं. या रुग्णाला तासाला 4 अँप्युल, म्हणजे 2.4 मिलिग्रॅम लावलं. तो वेग दिवसभर राहिला तर 96 अँप्युल लागतात. रात्रीच्या सिस्टरने एकामागून एक अँप्युल फोडताना बोटांना पट्टी गुंडाळलेली मी पाहिली आहे. फवारणीच्या हंगामात साठ्याची वही रोज पाहिली पाहिजे, हे अशा रात्री कळतं.

दर पाच मिनिटांनी दुप्पट कशाला? ठरावीक डोस देत राहिलं तर?

वेळ हातातून जातो. वरच्याच रुग्णाला दर पंधरा मिनिटांनी 3-3 अँप्युल दिल्या असत्या तर 27 चा आकडा गाठायला दोन तास लागले असते. तेवढा वेळ ओल्या फुप्फुसांनी काढणं त्याला जमलं नसतं. बांगलादेशातल्या डॉक्टरांनी हे दोन मार्ग समोरासमोर ठेवून पाहिले आणि 2012 मध्ये निष्कर्ष छापले. जुन्या पद्धतीने ठरावीक डोस मिळालेल्या गटात 22.5 टक्के रुग्ण दगावले. दुप्पट करत जाऊन पुढे सलाईनमधून चालू ठेवलेल्या गटात 8 टक्के. दोन्हीकडे औषध एकच होतं, फरक देण्याच्या रीतीत होता.

पुरेसं अ‍ॅट्रोपिन झालं हे कशावरून ओळखायचं?

छाती स्वच्छ, नाडी 80 च्या वर, वरचा रक्तदाब 80 च्या वर, काखा कोरड्या, बाहुल्या टाचणीएवढ्या न राहिलेल्या. या पाचांत मी छातीला सगळ्यात वर ठेवतो. बाहुल्या मोठ्या व्हायला वेळ लागतो, त्यामुळे त्यांच्यामागे धावून डोस वाढवत बसू नये. काख पाहायची तर हात घालून पाहावी. चादरीवरून अंदाज करू नये.

एक चकवा आहे. खरखर फक्त उजव्या तळाशी, एकाच जागी राहिली असेल तर तो बहुधा उलटीचा अंश फुप्फुसात गेल्याचा आवाज असतो. तो अ‍ॅट्रोपिनने जात नाही. तो विषाचा मानून डोस चढवत गेलं तर रुग्ण दुसऱ्याच संकटात सापडतो.

नातेवाईक बऱ्याचदा म्हणतात, "साहेब, नाडी एकशेवीस झाली, आता ते औषध थांबवा." मी सांगतो, "मावशी, नाडी तापाने वाढते, धाप लागल्याने वाढते, विषानेसुद्धा वाढते. छातीतली घरघर गेली की थांबवू." नाडी जलद आहे म्हणून ओली छाती तशीच सोडता येत नाही.

अ‍ॅट्रोपिन जास्त झालं तर?

धोत्र्याचं बी खाल्लेला माणूस गावाकडे कुणी ना कुणी पाहिलेला असतो. अंग तापतं, तोंडाला कोरड पडते, बाहुल्या मोठ्या होतात, माणूस हवेत काहीतरी वेचत राहतो, चादर ओढतो, बडबडतो. अ‍ॅट्रोपिन जास्त झालं की हेच चित्र दिसतं. सोबत लघवी अडते आणि पोटावर स्टेथोस्कोप ठेवला तर आतड्याचा आवाज येत नाही. अशा वेळी सलाईनमधलं अ‍ॅट्रोपिन तासभर थांबवतात, लक्षणं उतरली की आधीच्या 70 ते 80 टक्के वेगाने पुन्हा सुरू करतात. कायमचं बंद करणं घातक, कारण विष अजून अंगात असतं.

मग धोत्राच उतारा म्हणून द्यावा का?

नाही. धोत्र्यात अ‍ॅट्रोपिनच्या कुळातली द्रव्यं असतात हे खरं. पण कोणत्या झाडाच्या कोणत्या बीत किती हे कुणालाच सांगता येत नाही. त्यातून ओकणाऱ्या माणसाच्या तोंडात काहीही घातलं तरी ते फुप्फुसात जाण्याची भीती असते.

पॅम म्हणजे काय? ते अ‍ॅट्रोपिनपेक्षा वेगळं कसं?

पॅम म्हणजे प्रॅलिडॉक्सिम. हे ऑक्सिम गटातलं औषध स्टार्टर सोडवणारं आहे. विष एन्झाइमला फॉस्फेटच्या टोकाने चिकटलेलं असतं. पॅम ते टोक स्वतःवर ओढून घेतं आणि एन्झाइम मोकळं करतं. अशा औषधांना कोलिनएस्टरेज पुन्हा कामाला लावणारी औषधं म्हणतात. लाल बटण सुटलं तर सगळे पाट आपोआप आटतील. मुख्य म्हणजे अ‍ॅट्रोपिन जिथे पोचत नाही त्या स्नायूंनाही फायदा होईल. कल्पना फार सुंदर आहे. 1950 च्या दशकात अमेरिकेत आयर्विन विल्सन यांनी ती औषधात उतरवली.

अडचण वेळेची आहे. एन्झाइमला चिकटलेल्या विषाचा एक भाग काही काळाने गळून पडतो आणि उरलेला तुकडा एन्झाइमवर कायमचा घट्ट बसतो. याला एजिंग म्हणतात. खिळ्याला गंज चढण्यासारखं हे आहे, आणि गंजलेला खिळा पॅमला उपटता येत नाही. डायमिथोएट, मोनोक्रोटोफॉस, डायक्लोरव्हॉस यांसारख्या डायमिथाइल गटाच्या विषांत निम्मं एन्झाइम सुमारे पावणेचार तासांत गंजतं. क्विनॉलफॉस, क्लोरपायरिफॉस यांसारख्या डायइथाइल गटात त्यालाच 33 तासांच्या आसपास लागतात. आपल्या उदाहरणातला मजूर क्विनॉलफॉसचा होता, त्यामुळे संध्याकाळीही पॅमला वाव होता. तेच डायमिथोएट असतं आणि तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला असता, तर फारसं काही सोडवायला उरलं नसतं. प्रोफेनोफॉसची रचना या दोन्हींहून वेगळी आहे आणि त्यावर पॅमचा प्रभाव पडताना दिसत नाही.

म्हणूनच रिकामी बाटली दवाखान्यात आणा असा आमचा आग्रह असतो. तिच्या लेबलवर विषाचं शास्त्रीय नाव आणि उताराही छापलेला असतो. नुसतं "बोंडअळीचं औषध" एवढं कळून आम्हाला काही ठरवता येत नाही.

पॅमचा खरंच फायदा होतो का? डॉक्टरांचंच एकमत का नाही?

पुरावाच दोन दिशांना बोट दाखवतो. पहिला पुरावा आपल्याच बारामतीचा आहे. तिथल्या डॉक्टरांनी मध्यम तीव्रतेच्या 200 रुग्णांवर अभ्यास करून 2006 मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात छापला. सगळ्यांना आधी 2 ग्रॅम पॅम दिलं. मग एका गटाला 48 तास दर तासाला 1 ग्रॅम सलग, तर दुसऱ्या गटाला दर 4 तासांनी 1 ग्रॅम. सलग गटात 1 टक्का रुग्ण दगावले, दुसऱ्या गटात 8 टक्के. सलग गटाला अ‍ॅट्रोपिनही बरंच कमी लागलं. तालुक्याच्या गावातून झालेलं हे काम जगभर वाचलं गेलं, याचा मला अभिमान वाटतो.

दुसरा पुरावा श्रीलंकेचा, 2009 मधला. तिथे 235 रुग्णांत पॅम आणि नुसतं सलाईन यांची तुलना झाली. पॅमच्या गटात सुमारे 25 टक्के दगावले, सलाईनच्या गटात सुमारे 16 टक्के. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण फायदा काही दिसला नाही. विशेष म्हणजे रक्तपेशींतलं एन्झाइम पॅमने खरंच मोकळं झालं होतं, तरीही माणसं वाचण्यात फरक पडला नाही.

या दोन अभ्यासांतले डोस वेगळे होते आणि रुग्णांची तीव्रताही वेगळी होती. शिवाय विष पोटात भरपूर असलं की पॅमने सोडवलेलं एन्झाइम पुन्हा जाम होतं. माझं मत असं आहे: रुग्ण लवकर आला असेल आणि विष डायइथाइल गटातलं असेल तर पॅम द्यावं. पण ते अ‍ॅट्रोपिनच्या जागी चालत नाही, आणि ते आणायला धावपळ करताना अ‍ॅट्रोपिन एक मिनिटही रखडू नये. "पॅम संपलंय, म्हणून जिल्ह्याला नेतो," असं म्हणून ओल्या छातीच्या रुग्णाला अ‍ॅट्रोपिनशिवाय गाडीत घातलं तर तो रस्त्यातच जातो.

पॅम देताना काय सांभाळावं लागतं?

वेग. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने किलोमागे किमान 30 मिलिग्रॅम सुरुवातीला आणि मग किलोमागे तासाला 8 मिलिग्रॅम. आपल्या 50 किलोच्या मजुराला 1.5 ग्रॅम अर्ध्या तासात आणि पुढे तासाला 400 मिलिग्रॅम. हेच सिरिंजने झटपट ढकललं तर उलट्या होतात, रक्तदाब चढतो, प्रसंगी हृदय थांबतं. अ‍ॅट्रोपिन आधीपासून चालू असावं लागतं.

रक्ताच्या रिपोर्टची वाट पाहायची का?

नाही. सीरम कोलिनएस्टरेजची तपासणी निदानाला दुजोरा देते आणि तो आकडा पुढे वाढू लागला की विष ओसरतंय असं समजतं. पण उपचार लक्षणांवर सुरू होतो.

फवारणीचं प्रत्येक औषध असंच असतं का?

नाही, आणि इथे गफलत होते. कार्बामेट गटाचं विष हेच चित्र उभं करतं, पण ते एन्झाइमवरून स्वतःच सुटतं. तिथे अ‍ॅट्रोपिन लागतं, पॅमची सहसा गरज पडत नाही. पॅराक्वाट हे तणनाशक तर पूर्ण वेगळं आहे. त्यावर अ‍ॅट्रोपिनचा उपयोग नाही आणि गरज नसताना दिलेला ऑक्सिजन त्यात फुप्फुसाचं नुकसान वाढवतो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना वीसहून अधिक जीव गेले. तिथे एकाच पंपात वेगवेगळी औषधं मिसळली जात होती. अशा मिश्रणात कोणती लक्षणं कुणाची हे उलगडणं खाटेपाशी फार अवघड होतं.

दवाखान्यात पोचेपर्यंत घरच्यांनी काय करावं?

108 ला फोन करा. हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी हाताला गुंडाळून भिजलेले कपडे उतरवा आणि अंग, केस, नखं साबणाने भरपूर पाण्यात धुवा. माणसाला डाव्या कुशीवर झोपवा. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, दूध किंवा ताकही देऊ नका. बाटली सोबत घ्या. विष स्वतःहून घेतलेलं असेल तरी ते लपवू नका. उपचार तसाच होतो, आणि डॉक्टरांना विषाचं नाव लवकर कळतं. शुद्धीवर आल्यावर त्याच्याशी बोलायला माणूस हवं. टेली-मानस 14416 वर मराठीत बोलता येतं.

दोन दिवस चांगला होता, तिसऱ्या दिवशी अचानक श्वास अडकला. असं का?

याला इंटरमीडिएट सिंड्रोम म्हणतात. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी 1987 मध्ये त्याचं वर्णन केलं. विष घेतल्यापासून 24 ते 96 तासांच्या दरम्यान, लाळ-घाम सगळं आटल्यावर, मान, खांदे, मांड्या आणि श्वासाचे स्नायू लुळे पडतात. यावर अ‍ॅट्रोपिन चालत नाही आणि पॅमवरही भरवसा ठेवता येत नाही. व्हेंटिलेटरवर दिवस काढावे लागतात, मग स्नायू आपणहून परत येतात.

याची चाहूल मानेत लागते. रुग्णाला उताणा झोपवून सांगायचं, "भाऊ, उशीवरून डोकं उचला आणि धरून ठेवा." काल उचलत होता आणि आज उचलता येत नसेल, तर तो कितीही छान बोलत असला तरी त्याला व्हेंटिलेटरच्या जवळ हलवायचं. आमच्या वॉर्डात चौथा दिवस सरेपर्यंत दर चार तासांनी सिस्टर हे विचारतात आणि तापाच्या कागदावर नाडीशेजारी नोंदवतात.

घरी गेल्यावर पुन्हा फवारणी कधी करता येईल?

लगेच नाही. रक्तपेशींतलं एन्झाइम नव्या पेशी तयार होतील तसंच भरून येतं, दिवसाला साधारण एक टक्का. एन्झाइम अर्धवट असताना पुन्हा थोडंसं विष लागलं तरी पहिल्यापेक्षा लवकर बाधा होते. दोन-तीन आठवड्यांनी पायाच्या बोटांना मुंग्या आल्या किंवा पाऊल लटकं पडू लागलं तर परत दाखवावं, कारण काही ऑर्गॅनोफॉस्फेट उशिरा नसांनाही इजा करतात. आणि सुट्टी देताना त्याच्या कपड्यांची बंद पिशवी बायकोच्या हातात दिली जाते, तेव्हा तिला सांगावं लागतं की वहिनी, हा सदरा हाताने धुऊ नका, तो टाकूनच द्या.